हातात किती?

रुपया पडला की आमच्या गल्लीत पेढे मिळायचे. बाळाजीनाना वाटायचे. हेच नाना पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानात झेंड्याला इतकी ताठ सलामी ठोकतात की गुरुजींनाही जरा ओशाळं वाटतं. पण घरी येऊन धोतर सोडायच्या आत त्यांचा पहिला प्रश्न असतो, "आज दिरामचा रेट काय हाय रं?" एका माणसाच्या पोटात देशप्रेम आणि रुपया पडायची आशा इतक्या गुण्यागोविंदाने नांदताना मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मी त्यांचा शेजारी आणि लांबचा पुतण्या. चष्मा सापडत नसला की त्यांचा फोन वाचून दाखवायचं काम माझ्याकडे येतं, आणि चष्मा त्यांना कधीच सापडत नाही.

आमचं गाव रेवदंड्यापासून जरा आत, भातशेतीचं. नानांचा मुलगा राहुल शारजात एका गोदामात कामाला आहे; पगार दिरामात, म्हणजे रुपया पडला की घरी पैसे जास्त. दर महिन्याला पैसे पाठवण्याआधी तो दोन-तीन अॅपचे स्क्रीनशॉट नानांना धाडतो. नाना ओट्यावर बसतात, फोन हातभर लांब धरतात आणि निकाल देतात. मग राहुल बटण दाबतो. पैसे नानांच्या खात्यात येतात आणि नाना दिवसभर रिक्षा स्टँडवर रेट सांगत फिरतात. जणू तो रेट त्यांनी स्वतः पेरला, लावला आणि झोडला!

यंदा मात्र या ज्ञानाची गाठ त्यांच्या सुनेशी पडली.

सुचिता, राहुलची बायको, हिने रिक्षाचं लायसन काढलं होतं. अलिबागच्या डीलरकडे रिक्षा ठरवली होती. बाकीच्या रकमेचं कर्ज मंजूर होतं, फक्त पन्नास हजार रोख भरायचे होते, तेही शनिवारपर्यंत. त्यानंतर किंमत वाढणार होती आणि तिच्यासाठी राखून ठेवलेली गाडी दुसऱ्याला जाणार होती. राहुलकडे यासाठी बाजूला काढलेले दोन हजार पंचाहत्तर दिराम होते. त्यावर एक दिरामही नाही.

सोमवारी हिरव्या अॅपचा स्क्रीनशॉट आला. एका दिरामला चोवीस रुपये तीस पैसे. मी वाचून दाखवलं.

"आन् फी?" नाना म्हणाले.

"पंचवीस दिराम."

"पंचवीस! बटान दाबायचं पंचवीस? लुटारू हायत. दुसरं बघ म्हणावं."

मंगळवारी निळ्या अॅपचा आला. फी शून्य.

"आन् रेट?"

"चोवीस पंधरा."

"बघ! फी न्हाय म्हनतात आन् रेटात कापतात. चोर हायत. थांब म्हणावं, रेट चढतोय."

बोलणं खोटं नव्हतं. फुकट म्हणवणारी अॅपं आपला वाटा रेटातच काढून घेतात, हे जगातल्या मोठमोठ्या शहाण्यांना उशिरा कळतं. पण हिरव्याची फी बघायची आणि निळ्याचा रेट बघायचा, म्हणजे हिशेब कधी संपायचाच नाही. नाना हिरव्याला फीवरून नापास करत होते आणि निळ्याला रेटावरून. परीक्षक असा मिळाला तर पोरं जन्मभर त्याच वर्गात बसतील.

बुधवारी तोच खेळ झाला. गुरुवारीही झाला.  सुचिताच्या भाकऱ्या जोरजोरात थापल्या जात होत्या.

शुक्रवारी सकाळी ती ओट्यावर आली आणि तिने स्वतःचा फोन नानांपुढे धरला. राहुलकडून तिने दोन्ही अॅपचे स्क्रीनशॉट एकाच वेळी, एकाच रकमेचे मागवून घेतले होते.

"नाना, गेल्या साली भात घातला तवा व्यापाऱ्याला तुमी काय इचारलंत?"

"काय इचारलं?"

"तो भाव सांगत व्हता. तुमी म्हनालात, भाव तुझ्याजवळ ठेव. हमाली, तोलाई कापून हातात किती, ते बोल."

नाना मान हलवू लागले आणि मध्येच थांबले. आपलंच वाक्य आपल्यावर चालून आलेलं त्यांना कळलं असावं.

"मंग ही खालची वळ वाचा." तिने फोन माझ्याकडे दिला, कारण चष्मा अर्थातच नव्हता.

मी वाचलं. हिरव्यात पंचवीस दिराम फी आधी कापली जाणार, उरलेल्या दोन हजार पन्नासचे रुपये होणार. घरी पोचणार एकोणपन्नास हजार आठशे पंधरा. निळ्यात पूर्ण दोन हजार पंचाहत्तरचे होणार. घरी पोचणार पन्नास हजार एकशे अकरा. रेट हिरव्याचा चांगला होता, पण पैसे निळ्यातून जास्त येत होते.

"ह्ये तुमाला ठावं न्हवतं?" सुचिताने विचारलं. "की माझ्या हातात हँडल येऊ नये म्हनून चार दिस घालवलंत?"

मला वाटलं, आता नाना उसळतील. लोक काय म्हणतील, बाळाजीची सून रिक्षा चालवते, वगैरे ठेवणीतलं भाषण निघेल. मी तर मनातल्या मनात त्याची टिंगलही तयार ठेवली होती.



"ठावं व्हतं गो," नाना म्हणाले. "हँडल धर, न्हायतर इमान चालव. माजं काय जातंय? पन तुजी कमाई चालू झाली की राहुल हप्त्यासाठी पैसं थेट तुझ्या खात्यात धाडंल. मंग माला कशाला इचारंल? तो फोन करतो तो रेटासाठीच करतो. ह्ये फोटू येयाचं बंद झालं, की पोराचं माज्याशी बोलायला काय ऱ्हातंय?"

माझी तयार टिंगल तशीच राहून गेली. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्यांचा फोन वाचत होतो आणि तो पोरगा त्यांना आकड्यांपलीकडे काही लिहीत नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

सुचिता खाली बसली.  नानांनीच फोन मागितला आणि राहुलला लावला.

"निळं दाब. आन् नाव माजं नको, सुचिताचं घाल. बँकेत हाय तसंच नाव लिव, न्हायतर अडकंल."

नवीन खात्याची माहिती भरण्यात थोडा वेळ गेला. तेवढ्यात रेट दोन पैशांनी उतरला, कारण बटण दाबेपर्यंत कुठलाच रेट कुणाचा नसतो. एरवी नानांनी दोन पैशांवर भाषण दिलं असतं. त्या दिवशी नुसतं "दाब रं" म्हणाले. दुपारी सुचिताच्या खात्यात पन्नास हजार एकोणसत्तर रुपये पंचाहत्तर पैसे आले आणि तिने लगेच डीलरला पन्नास हजार पाठवले.

त्यानंतर नानांच्या फोनवर राहुलचा मेसेज आला. सुचिताने त्याला काय सांगितलं, ते तिने मला सांगितलं नाही. मी नेहमीप्रमाणे वाचायला हात पुढे केला. नानांनी फोन दिला नाही. खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि स्वतःच वाचलं. इतकी वर्षं तो खिशातच होता! वाचून झाल्यावर त्यांनी फोन पालथा मांडीवर ठेवला. आत काय लिहिलं होतं, ते मी विचारलं नाही.

शनिवारी संध्याकाळी रिक्षा दारात आली. नानांनी सुचिताला हँडल धरून बसायला लावलं, फोन हातभर लांब धरला आणि फोटो काढून राहुलला धाडला. फोटोत अर्धी रिक्षा आहे, सुचिताचा एक कान आहे आणि कोपऱ्यात नानांचा मोठा अंगठा आहे. उत्तर येईपर्यंत नाना ओट्यावरून हलले नाहीत.