चार भागांतले आजोबा

मुलांनो, हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे थोरलीची शाळा. तिकडे ओसाकात तिला आजोबांवर गोष्ट लिहायची आहे आणि ते गेले तेव्हा ती पाळण्यात होती. मागच्या रविवारी फोनवर ती म्हणाली, "आजी, मला त्यांचा चेहरासुद्धा फोटोतलाच आठवतो. तू सांग, म्हणजे ते माझे होतील."

मी जन्मभर बारामतीत इंग्रजी शिकवलं. गोष्टीत झगडा हवा, असं मुलांकडून घोटून घेतलं. म्हणून आजोबांनी पाटाच्या पाण्याच्या पाळीसाठी चुलत्याशी वाद घातला, तो प्रसंग लिहून पाठवला.

"आजी, यात भांडण आहे."

"मग? गोष्ट आहे ना ती!"

"आमच्या बाईंना भांडण नकोय. चार भाग हवेत."

तिने मलाच शिकवलं. पहिला भाग 'की': माणसं आणि जागा दाखवायची. दुसरा 'शो': तेच थोडं पुढे न्यायचं, काही बिघडवायचं नाही. तिसरा 'तेन': जिचा आधीच्याशी संबंधच नाही असं वाटेल, अशी वेगळीच गोष्ट आणायची. चौथा 'केत्सु': दोन्ही शेजारी ठेवायचं. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. फक्त आधीचं वेगळं दिसू लागतं.

मी दुसरी आठवण लिहिली. पोरीने त्यातलं पहिलंच वाक्य खोडायला लावलं. "हे तिसऱ्या भागाच्या आधी सांगितलंस तर तेन उरतच नाही, आजी." ते वाक्य काढून लिहिते आहे.

की. शनिवारी शाळा सकाळची असे. दुपारी आजोबा स्कूटर काढत आणि आम्ही दोघं इंदापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्यापाशी जात असू. काठावर एक बाभळ होती. तिच्याखाली सतरंजी टाकायची, डबा उघडायचा. समोर पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं असे. मधली रेघ शोधावी लागे. हिवाळ्यात दूरवर रोहित पक्षी उभे असत, पाण्यावर सांडलेल्या गुलालासारखे.

शो. वर्षं गेली. स्कूटर जाऊन गाडी आली, सतरंजीच्या जागी घडीच्या खुर्च्या आल्या. आजोबा मात्र पाण्याकडेच तोंड करून जेवत.

"अहो, डोळ्यांवर ऊन येतंय. जरा वळून बसा की!"

"असू दे. बरं वाटतं."

पक्ष्यांचं वेड असेल म्हणून मी त्यांना दुर्बीण आणली. "छान आहे," म्हणाले आणि ती शेजारी ठेवून भाकरी मोडू लागले. पाण्यावर वारा सुटला की आमचं बोलणं आपोआप थांबे. डोळे मिटले तरी पाणी दिसतच राही.

तेन. एका उन्हाळ्यात पाणी खूप मागे सरलं. गाळाला भेगा पडल्या होत्या. त्यात मध्येच नऊवारी नेसलेली एक म्हातारी खराट्याने जमीन झाडत होती. आजूबाजूला ना घर, ना झाड. तिने कळशीतून सडा शिंपडला आणि एका दगडासमोर रांगोळी काढायला घेतली. मला गंमत वाटली. काठ उतरून मी तिच्याजवळ गेले.

"अगं ए बाई!" ती ओरडली. "चपला काढ की! दुसऱ्याच्या सैपाकघरात उभी हाईस."

मी खाली पाहिलं. नुसता गाळ, त्यात ओळीने बसवलेले चार काळे दगड.

"कुणाच्या स्वयंपाकघरात?"

तिने हनुवटीने माझ्या मागे खूण केली. आजोबा काठ उतरून येत होते. चपला त्यांच्या हातात होत्या.

"त्याच्या. ह्यो आमचा उंबरा, त्यो त्यांचा. मधी भित होती. कसा हाईस रं? टक्कल पडलं की तुला!"

"आणि तुझं तोंड अजून तसंच हाय, आक्के," आजोबा म्हणाले. बारामतीत मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

केत्सु. थोरलीने खोडायला लावलेलं वाक्य हे होतं: 'तुमच्या आजोबांचं घर धरणाच्या पाण्याखाली आहे.' गाव उठून वर वसलं, हे लग्नाच्या वेळी मला सांगितलं होतं. पण इतक्या पसरलेल्या पाण्यात कशाखाली काय आहे, हे मला कुठून कळणार? ते वाक्य काढलं तेव्हा लक्षात आलं, मलाही हे याच क्रमाने कळलं होतं.

मी चपला काढल्या. आजोबा चुलीच्या जागी मांडी घालून बसले. "डबा आण," म्हणाले, "आणि तिलाही वाढ." आम्ही तिघं तिथेच जेवलो. तिथून वर पाहिलं तर काठावरची बाभळ अगदी समोर दिसत होती, खाली आमच्या दोन रिकाम्या खुर्च्या.

पुढच्या पावसाळ्यात पाणी परत चढलं. शनिवारी आम्ही काठावर बसलो. ऊन त्यांच्या डोळ्यांवर आलं. या वेळी मी माझी खुर्ची वळवून त्यांच्यासारखीच बसले.

थोरले, हे तुझे आजोबा. आता आक्का नाही, तेही नाहीत. उंबरा आहे. उन्हाळा कडक असला की उघडा पडतो.