त्र्याऐंशी टक्के

सात महिने माझी भाची घरी बसून होती. मोबाईलची ॲप बनवणारी मुलगी. कंपनीने अख्खी टीम काढली, त्यात हीही गेली. चाळीस ठिकाणी रेझ्युमे पाठवला. बोलावणं एकच आलं, आणि तिथेही माती खाल्ली.

रेझ्युमेत चार ओळी ठळक होत्या. दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं ॲप, बारा लाख डाउनलोड. रिलीज, म्हणजे नवं व्हर्जन, सहा आठवड्यांवरून दोन आठवड्यांवर. स्टोअरवर रेटिंग ३.४ वरून ४.२. क्रॅश, म्हणजे ॲप मधेच बंद पडणं, त्र्याऐंशी टक्क्यांनी कमी. चारही खऱ्या. पण मुलाखतीत साहेबाने चौथ्या ओळीवर बोट ठेवलं, "नवं व्हर्जन जुन्या फोनवर चालत होतं का?" हिची दातखीळ बसली.

आज एका मोठ्या कंपनीचा फॉर्म पाचला बंद होणार होता. तीन वाजता तिच्या जुन्या टीममधली, ॲप तपासणारी टेस्टर आली. वहीत दर रिलीजचे आकडे लिहून ठेवायची तिला सवय.

"अगं बये," टेस्टर म्हणाली, "हजार वेळा ॲप उघडलं तर तेवीस वेळा बंद पडायचं, ते चारवर आलं. पण नव्या व्हर्जनमधून आपण जुने फोन वगळले. सगळ्यात जास्त त्यांच्यावरच बंद पडायचं. उरलेल्या फोनवर आधी नऊ होते, आता चार."

"म्हणजे छप्पन टक्के."

"म्हणजे तुझं काम छप्पन टक्के. बाकीचं कात्रीचं."

"छप्पन कोण बघणार? तिथे नव्वदवाले रांगेत उभे आहेत!"

"मग लिही त्र्याऐंशी. परत विचारलं की परत मुकी हो."

माझी बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "एवढी हरिश्चंद्राची औलाद नको होऊस! पोटाला काय घालशील?"

पोरगी रडली नाही. तिने त्र्याऐंशी पुसलं, पुन्हा टाकलं, पुन्हा पुसलं. मग लिहिलं: जुने फोन वगळून, उरलेल्या फोनवर क्रॅश हजारी नऊवरून चार, प्रत्येक रिलीज आधी पाच टक्के लोकांना देऊन, क्रॅश वाढले तर तिथेच थांबवून. पाचला दहा कमी असताना फॉर्म गेला.

चौथ्या दिवशी फोन आला. पलीकडच्या बाईने विचारलं, "जुन्या फोनवर ॲप का बंद पडत होतं?"

"डॉक्टरांचे फोटो पूर्ण आकारात उघडायचे. मेमरी पुरायची नाही."

"दुरुस्त का नाही केलंत?"

"तीन आठवडे मागितले होते, मिळाले नाहीत. मग ते फोनच वगळले. मीही हो म्हणाले."

बाई म्हणाली, "सोमवारी कळवते."

सोमवारी पोरगी सकाळपासून फोन हातात धरून होती. जेवली नाही. फोन वाजला नाही. मंगळवारीही नाही.

बुधवारी बेचाळिसावा फॉर्म उघडला. बहिणीने मागून डोकावून पाहिलं. "आता तरी त्र्याऐंशी टाक गं, माझे आई."

"नको. उत्तर देता येत नाही त्याचं," ती म्हणाली आणि नऊवरून चार लिहिलं.