सोळा अंशांची खोली

पाटोदा तालुक्यात माझ्या बहिणीचं, आक्काचं सासर आहे. घराच्या मागे रेशीम अळ्यांची शेड आहे आणि शेडच्या उत्तर टोकाला विटांची भिंत घालून वेगळी केलेली एक खोली. ती खोली आक्काच्या ताब्यात कशी आली, हे सांगायला एक वाक्य पुरतं. तिच्या दिराला रेशमासाठी पूर्ण शेड लागत नव्हती आणि नवरा ट्रकवर असल्याने बाहेरगावी होता, म्हणून तिला ती वापरायला दिली गेली. दिली गेली, हा शब्द महत्त्वाचा. घरात ती खोली तिची आहे असं कोणी कधी म्हटलं नाही.

पहिल्या हिवाळ्यात तिने धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम केली. गव्हाचं काड भिजवून, गरम पाण्यातून काढून, निथळून पिशव्यांत थरांनी भरायचं आणि मध्ये मध्ये बियाणं, म्हणजे बुरशी वाढलेले गव्हाचे दाणे पेरायचे. मग पिशव्या बंद, अंधारात. त्या काळात खोली चोवीस ते अठ्ठावीस अंशांत लागते. पिशवीच्या पोटात काड स्वतःच तापतं, बाहेरच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश जास्त, म्हणून खोलीत हवा अठ्ठावीसवर गेली की ती ओल्या तरटाचे पडदे लावायची. काड पांढरं झालं की पिशवी कापायची, उजेड आणि हवा द्यायची, पाणी फवारायचं, आणि खोली वीस ते पंचवीस अंशांवर आणायची. आपल्याकडे दिवाळीनंतर एवढं जमतं. तिला ते जमलं. बीडच्या दोन खाणावळींनी माल घेतला आणि पुढच्या वर्षी बटण मशरूम करता येईल का, असं विचारलं.

बटण वेगळं पीक आहे. ते काडावर नाही, कुजवलेल्या खतावर येतं. त्या खतात बियाणं मिसळलं की पांढरं जाळं पसरेपर्यंत खताचं तापमान बावीस ते पंचवीस. तीसच्या वर गेलं की जाळं मरू लागतं. नंतर वरून मातीचा थर द्यायचा, तो ओला ठेवायचा, आणि सुमारे आठवडाभर तेच बावीस ते पंचवीस. जाळं मातीत शिरून वर डोकावू लागलं की मग सगळं उलटं करायचं. ताजी हवा सोडायची आणि खोली पंधरा ते अठरा अंशांवर उतरवायची. हा गारवा मिळाला तरच टाचणीच्या डोक्याएवढे कोंब येतात. तोडणी संपेपर्यंत खोली तशीच थंड ठेवावी लागते. गारवा नाही मिळाला तर जाळंच वाढत राहतं, मातीवर पांढरी साय धरते, आणि कोंब येत नाहीत.

आक्काने बियाणं मिसळलेल्या खताच्या पिशव्या एका विक्रेत्याकडून आणल्या. तो विकणाराही होता आणि शिकवणाराही. एका दुपारी येऊन त्याने सगळं समजावलं, चहा घेतला, फोटो काढले आणि गेला. डिसेंबर होता. रात्री तालुक्यात बऱ्यापैकी थंडी पडत होती, दिवसा ऊन होतं. खोलीला आतून तरट, बाहेरून उसाच्या पाचटाचा जाड थर, आणि दुपारपुरता कूलर. रात्री खिडकी उघडायची, सकाळी लावायची. सोळा-सतरा अंश मिळवण्याचा याहून स्वस्त मार्ग या भागात नाही.

माती देऊन, रात्री हीटरने ऊब राखून आठवडा झाला आणि ज्या दिवसापासून रात्री खिडकी उघडायची, त्याच दिवशी सकाळी पाणी फवारून बाहेर आल्यावर आक्काला कळलं की तिचे चार दिवस सुरू झाले आहेत. त्या घरात चार दिवसांत रेशमाच्या शेडमध्ये बाईने पाऊल टाकायचं नाही. अळ्या मरतात, असं मानतात. मशरूमची खोली त्याच शेडमध्ये होती, म्हणून तीच बंदी तिलाही लागू झाली. हे कोणी ठरवलं, असं मी नंतर विचारलं. कोणीच ठरवलं नव्हतं. लागू झाली, एवढंच.

मी वार्ताहर, सुट्टी घेऊन त्या दिवसांत तिथे मुक्कामाला होतो. ती अंगणात बाजेवर बसून दिराला सांगत होती.

"भाऊजी, आजपासून हीटर बंद. रात्री खिडकी उघडी. तापमापकाकडं बघत राहा, सोळा-सतरा लागतंय."

"थंडीत खिडकी उघडायची?" दीर हसले. "वहिनी, अळ्यांची खोली आमी रातभर राखतो. थंडी लागली की खाणंच सोडतात. हे बी जिवंतच हाय की."

"अळ्या न्हाईत ह्या."

"बरं बरं. तुमी बसा."

तिच्या दिराने दगाबाजी केली नाही. त्यांनी ती खोली अळ्यांसारखीच जिवापाड सांभाळली, हाच घोटाळा झाला. रेशमाच्या शेडला हिवाळ्यात हीटर लावावा लागतो, अळ्यांना चोवीस ते अठ्ठावीस अंशांची ऊब लागते, आणि आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. तरीही वहिनी सांगते ते उलटं वाटलं म्हणून त्यांनी खात्री करायचं ठरवलं. विक्रेत्याला फोन केला आणि मशरूमला किती तापमान ठेवायचं, असं विचारलं. उत्तर आलं, बावीस ते पंचवीस. त्यांनी हीटर चालू केला, खिडकीच्या फटीत पोतं कोंबलं, आणि चार दिवस खोली तेवीस-चोवीसवर ठेवली.

चौथ्या दिवशी त्यांनी मला आत नेलं. पिशव्यांवर पांढरी साय पसरली होती, दूध सांडल्यागत.

"बघा पावणं, कसं फुललंय," ते म्हणाले. मलाही ते छान वाटलं.

पाचव्या दिवशी न्हाऊन आक्का आत गेली. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता. "हीटर कोणी लावला," एवढंच तिने विचारलं. दिराने फोनची हकीकत सांगितली. तिने स्वयंपाकघरातला काटेचमचा घेतला आणि मातीला पुन्हा हवा लागावी म्हणून वरची साय हलक्या हाताने उकरून मोडायला सुरुवात केली. पाणी फवारलं. पोतं काढून फेकलं. हीटर स्वतः उचलून अंगणात आणला.

पण तोवर घरात निकाल लागला होता. सासूबाईंनी चुलीपाशी बसून तो सांगितला. "त्या सकाळी हात लावलास ना, बाई. तेच झालं. विटाळाचा हात."

"आत्याबाई, खोली गरम ठेवली म्हणून झालं."

"खोली गरम ठेवणारा पोरगा सोवळा होता."

 दिरांना पुढची काळजी होती. तुतीचा पाला तयार होता आणि चॉकीच्या म्हणजे लहान अळ्यांची नवी बॅच नोंदवायची होती. त्यासाठी यावेळी पूर्ण शेड लागणार होती. त्यांनी मुदत घातली. अळ्या येईपर्यंत बटण दिसले तर खोली आक्काची, नाही तर पिशव्या उकिरड्यावर आणि भिंत पाडायची.

मी विक्रेत्याला फोन लावला. आवाज चढवला नाही.

"तुम्ही त्यांना कोणता टप्पा चालू आहे ते विचारलं का?"

"साहेब, ते म्हणले मशरूम. मशरूमला बावीस ते पंचवीस."

"कोणत्या मशरूमला? जाळं पसरताना की कोंब येताना?"

"आता बघा साहेब, शेतकऱ्याला लई सांगून उपयोग न्हाई. घोळ होतो त्यांचा. एकच आकडा सांगायचा, ध्यानात राहतो."

"त्या आकड्याने पीक थांबलं आहे."

"मग स्वच्छता पाळली नसंल. बायांचं काय असतं, तुमाला माहीत हाय."

मी फोन ठेवला. तो आवाज आजही कानात आहे. एका माणसाने अर्धं ज्ञान विकलं, दुसऱ्याने ते पूर्ण मानलं, आणि दोघांची चूक चार दिवस अंगणात बसलेल्या बाईच्या हातावर टाकली. त्या चार दिवसांत ती आत असती तर हीटर लागलाच नसता. पीक बिघडलं ते ती बाहेर होती म्हणून, आणि दोष मात्र तिच्या आत असण्याला मिळाला. बातमीत असं वाक्य लिहिलं तर वरिष्ठ विचारतील, पुरावा काय. पुरावा भिंतीवर होता, तापमापक. तो बघायला कोणी तयार नव्हतं.

मग आठवडाभर आक्का ती खोली राखत होती. रात्री खिडकी उघडायची, पहाटे लावायची, दुपारी कूलर लावून अठराच्या वर जाऊ द्यायचं नाही. दीर येऊन दारातून बघायचे आणि जायचे. शेवटी एका सकाळी तिने मला बोलावलं. उकरलेल्या मातीवर मोहरीएवढे पांढरे ठिपके होते. दोन दिवसांत ते वाटाण्याएवढे झाले. नंतर बटण.

अळ्यांची बॅच पुढे ढकलली गेली. खोली राहिली. पण गावात जी गोष्ट फिरली ती अशी. बाई न्हाऊन आत गेली, विटाळ गेला, आणि पीक आलं. सासूबाईंनी ती शेजाऱ्यांना सांगितली. विक्रेत्याने फोटो मागवून घेतला, दीर टोपली धरून उभे असलेला. त्याखाली आपलं नाव घातलं. आक्काचं त्यात काहीच नव्हतं, हातसुद्धा नाही.

मला राग आला, तिला आला नाही असं दिसलं. मी तसं म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "राग कावून करू? अजून तोडण्या हायेत."

पुढच्या महिन्यात मी खोके घेऊन बीडला जायला आलो तेव्हा तिसऱ्या तोडणीचे बटण तयार होते. आक्का फवारणीचा पंप पाठीला लावून शेडकडे निघाली. अंगणात सासूबाई होत्या. त्यांनी बाजेकडे पाहिलं, मग सुनेकडे. बाज रिकामी होती. त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

दीर मागोमाग आले. खोलीच्या उंबऱ्यावर थांबले. मी त्यांच्या शेजारी होतो.

"वहिनी," ते हळू म्हणाले, "आज तुमचं..."

"हो. आजपासून."

"मग आत?"

आक्काने वळून पाहिलं नाही. ती एक बटण फिरवून मातीतून सोडवत होती, ओढून तोडत नव्हती, शेजारच्या लहान कोंबांना धक्का लागू नये म्हणून.

"भाऊजी, दार लावा. गरम हवा येतीय आत."

  त्यांनी आत मान घालून भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिलं.

"किती हाय?" तिने विचारलं.

"सोळा," ते म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.