दहा पौंडांपुरता भाव

हेस्टर शनिवारी सकाळी बापाच्या खुर्चीत बसायची. तिच्यासमोर चहाचा मग, वही आणि घोड्यांच्या शर्यतींचं वर्तमानपत्र असायचं. नॉरिस असता तर त्याने तिला उठवलं असतं. त्या खुर्चीत तो कुणाला बसू देत नसे. पण त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत माझी मुलगी माझ्यासमोर पाच मिनिटं सलग बसली नव्हती. त्यामुळे ती कुठे बसते याला मी हरकत घेतली नाही.

नॉरिस आमच्या रेडकार गावच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर होता. कारखाना बंद झाला तेव्हा त्याचं वय बावन्न होतं. मग तो एका गोदामात रात्रपाळी करायचा आणि शनिवारी हेस्टरला घेऊन हाय स्ट्रीटवरच्या पैजांच्या दुकानात जायचा. दोन पौंड एका घोड्यावर, दोन दुसऱ्यावर. येताना दोघांत एक पार्मो, म्हणजे चीज वितळवलेलं तळलेलं चिकन, वर लसणाची चटणी. कधी जिंकलाच तर दोन. त्याने घर बुडवलं नाही. मात्र दुकानाच्या खिडकीत 'वाढीव भाव' असा पिवळा कागद लागला की त्याचा पाय तिकडे वळायचाच. मी टोमणा मारायचे की ते दुकान आहे, अनाथाश्रम नाही, तुला फुकट कोण देणार. तो म्हणायचा, "लॉर्ना, दहातला एखादा खरा असतो. कुठला, तेवढं मला कळत नाही."

हेस्टर मिडल्सब्रोच्या रुग्णालयात औषधांच्या विभागात काम करते. गोळ्या मोजायच्या, पिशव्या भरायच्या, लेबलं लावायची. सव्विसाव्या वर्षी तिने ठरवलं की फिजिओथेरपी शिकायची, आणि न्यूकॅसलला तिला जागाही मिळाली. फीसाठी कर्ज मिळतं, पण खोली घ्यायची, नोकरी सोडायची, तर पहिलं वर्ष काढायला हाताशी काही हवं. तिने चार वर्षांत चार हजार आठशे पौंड साठवले होते. जुलैच्या पहिल्या तारखेपर्यंत जागा पक्की करायची होती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ती पिवळ्या कागदाचा फोटो घेऊन आली. नॉरिसचं ते वाक्य तिच्या डोक्यात राहिलं होतं. "आई, दहातला खरा कुठला, हे गणिताने कळेल ना?"

मी बावीस वर्षं शाळेत गणित शिकवते. एवढा सोपा प्रश्न मला घरात कधी कुणी विचारला नव्हता. मी पेन घेतलं.

दुकान एकाला दोन भाव देतं, म्हणजे एक पौंड लावला तर दोन जिंकायचे आणि स्वतःचा एक परत. याचा अर्थ दुकानाच्या मते तो घोडा तीनदा पळाला तर एकदा जिंकेल. असा प्रत्येक घोड्याचा आकडा काढून शर्यतीतले सगळे आकडे मिळवले तर बेरीज शंभर टक्के यायला हवी. त्या दिवशी ती एकशे पंधरा आली. वरचे पंधरा ही दुकानाची कमाई. म्हणून प्रत्येक आकड्याला एक पूर्णांक पंधरा शतांशाने भागायचं. पद्धत ढोबळ आहे, पण घोड्याचा रास्त भाव साधारण कळतो. कागदावर लिहिलं होतं, एकाला दोनचे सव्वादोन. आमच्या हिशेबाने रास्त भाव होता जवळपास अडीच. भाव वाढवूनही तो रास्त भावाच्या खालीच होता.

"म्हणजे बाबांना चुना लावत होते," हेस्टर म्हणाली.

"त्यांना माहीत होतं," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो. त्या स्वयंपाकघरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

तेव्हापासून शनिवार ठरला. ती फोटो आणायची, मी आकडे काढायचे. तीनांतले दोन कागद भुसा निघायचे. एखादा खरा निघायचा. तो निघाला की ती टेबलावर थाप मारायची, अगदी नॉरिससारखी. खऱ्या कागदांच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं की या भावाने एका गिऱ्हाइकाकडून जास्तीत जास्त दहा पौंड घेतले जातील. तेही मी तिला पहिल्याच महिन्यात समजावलं होतं. दहा पौंडांवर सरासरी साठ पेन्सांचा फायदा. आठवड्यात असे तीन मिळाले तर पावणेदोन पौंड. वर्षाला शंभरही नाहीत.

"यात न्यूकॅसल नाही, हं," मी म्हटलं होतं.

"पार्मो तर आहे," ती म्हणाली.

मार्चमध्ये तिचे दोन घोडे लागोपाठ आले. तिने घरी पार्मो आणले, एक माझ्यासाठी, एक तिच्यासाठी. मला ते पचत नाही, पण मी सगळं खाल्लं. मी तिला सांगितलं की हे निव्वळ नशीब आहे, दोन शर्यतींवरून काही सिद्ध होत नाही. तिने मान हलवली. ती हल्ली फार लवकर मान हलवायची. ते माझ्या लक्षात आलं होतं. वर्गात मी अशा मुलाला उभं केलं असतं.

पुढे ती शनिवारची वाट न बघता फोनवर फोटो पाठवायची आणि एवढंच विचारायची, खरा की खोटा. मी शाळेच्या मधल्या सुटीत उत्तर लिहायचे. खरा. खोटा. खोटा. खरा.

मे महिन्याच्या शेवटी मला समुद्राकाठी ग्लेनिस भेटली. ग्लेनिस त्या दुकानात काउंटरवर असते, नॉरिसला पंचवीस वर्षं ओळखायची. त्याच्या अंत्यविधीला ती कामाच्या गणवेशातच आली होती. समुद्राकाठी भेटली तेव्हा तिच्या हातात लिंबाचं आइस्क्रीम होतं, ते वितळून मनगटावर येत होतं, आणि ती काही ते खात नव्हती.

"लॉर्ना, हे मी तुला सांगायचं नसतं. माझी नोकरी जाईल."

मी म्हटलं, मग सांगू नकोस. पण मी तिथून हलले नाही.

ती म्हणाली की हेस्टर आठवड्यातून तीनदा येते. वाढीव भावाने दहा लावते, आणि त्याच घोड्यावर आणखी दोनशे नव्वद साध्या भावाने. एकाच चिठ्ठीवर दोन ओळी. ग्लेनिसने तिला दोनदा बाजूला घेतलं होतं, एवढे पैसे कुठून येतात, झोप लागते का, असं काउंटरवरच्यांना नियमाने विचारावंच लागतं तसं विचारलं होतं.

"आणि ती काय म्हणाली?"

"म्हणाली, घाबरू नकोस ग्लेनिस, आईने तपासलंय. माझी आई गणिताची शिक्षिका आहे." ग्लेनिसने आइस्क्रीम कचऱ्याच्या डब्यात टाकलं. "मग मी काय बोलणार, बाई? मला शाळेत नापास केलं होतं गणितात."

घरी येईपर्यंत मला मांडणी कळली होती. मी तपासत होते तो फक्त वाढीव भाव. समजा घोड्याचा साधा भाव एकाला साडेतीन. रास्त भाव चाराहून थोडा जास्त. वाढवून साडेचार. त्या दहा पौंडांवर सरासरी बासष्ट पेन्सांचा फायदा, तो खराच. पण उरलेले दोनशे नव्वद साडेतीनच्या भावाने जात होते, आणि साडेतीन हा रास्त भावाच्या खालचा. तिथे शंभराला तेरा जातात, दर खेपेला सरासरी अडतीस पौंड. घोडा तोच, शर्यत तीच. मी 'खरा' लिहिलं ते भावाबद्दल. तिने ते घोड्याबद्दल वाचलं.

ती संध्याकाळी पाळी संपवून आली तेव्हा मी टेबलावर कागद मांडून बसले होते. तिने कोट काढला नाही. कागदाकडे पाहिलं आणि तिला समजलं की ग्लेनिस बोलली.

मी तिला ओरडले नाही. किती वेळा, ते विचारलं. अठरा, ती म्हणाली. आणि त्यातले किती घोडे आले? दोन. सत्तावीसशेच्या आसपास गेले होते. मी सवयीने, थांबता न आल्यामुळे, बाजूला आकडा मांडला. अगदी सरासरी नशीब असतं तरी सातशेच्या जवळपास गेलेच असते. आणि वाढीव भावाने अठरा खेपांत मिळून दिले असते अकरा पौंड.

तिने त्या अकरावर बोट ठेवलं.

"पण तू म्हणालीस, खरा आहे."

"दहा पौंडांपुरता खरा होता."

"मला वाटलं दहाची मर्यादा म्हणजे त्यांना भीती वाटते. जिथे ते घाबरतात तिथेच जास्त लावायचं." ती खुर्चीत बसली, कोटासकट. "बाबांकडे तू होतीस कुठे गणिताला? माझ्याकडे तू होतीस."

मी म्हटलं, "तू मला किती लावतेस ते सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस, आई."

हे मला तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त सांगत होती. आणि खरंच मी विचारलं नव्हतं. मार्चपासून तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. मान लवकर हलत होती, फोटो रोज येत होते. मी प्रश्न तोंडापर्यंत आणून गिळत होते, कारण उत्तर आलं असतं तर शनिवार बंद झाला असता. मधल्या सुटीत माझ्या फोनवर तिचं नाव दिसलं की मला दिवसभर पुरायचं.

उरलेल्या एकवीसशेंत पहिलं वर्ष निघत नव्हतं. मी माझ्या बचतीतले देते म्हटलं. तिने नाही म्हटलं, आणि मी दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ती उठून वर गेली. तीस जूनला तिने न्यूकॅसलला कळवलं की यंदा येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो, जागा मिळेलच असं नाही. त्याच आठवड्यात तिने दुकानांच्या बंदी यादीत स्वतःचं नाव घातलं, म्हणजे आता कुठलंच दुकान तिची पैज घेणार नाही. त्यासाठी फोटो द्यावा लागतो. तिने दिला तो तिचा आणि नॉरिसचा समुद्राकाठचा होता, नॉरिसला कापून काढलेला. त्याचा हात तिच्या खांद्यावर राहून गेला होता. आता तो फोटो ग्लेनिसच्या काउंटरमागे आहे. ग्लेनिस म्हणते, बघवत नाही, पण उलटा करून ठेवायची परवानगी नाही.

हेस्टर शनिवारी जादा पाळी घेते. सकाळी सातला बाहेर पडते. मी आवाज ऐकते, दाराचा, मग फाटकाचा. जेवायला ती माझ्यासमोर बसते, पण दुसऱ्या खुर्चीत. आम्ही बोलतो, हवा, बस, कुणाचं लग्न. किती पैसे साठले हे मी आता विचारते. ती लगेच सांगते, पेन्सांसकट, आणि पुढे आम्हाला बोलायला काही राहत नाही.

गेल्या शनिवारी भाजी आणायला मी हाय स्ट्रीटवरून गेले. खिडकीत पिवळा कागद होता, एकाला तीनचे पावणेचार. मी थांबले, मनात घोडे मोजले, बेरीज केली, भागलं. रास्त भाव साडेतीन निघाला. कागद खरा होता. तळाला लिहिलं होतं दहा पौंड.

हातात फोन होता. मी तो पिशवीत ठेवला आणि बटाटे घेतले.