थट्टेच्या तीन टोपल्या

सात डिसेंबरला आत्याने आपल्या पेन्शनीतून एक हजार आठशे चाळीस रुपये खर्च केले. तीन वेताच्या टोपल्या, एक घंटी, एक वाळूचं घड्याळ, जाड कागद आणि कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. सगळं एका दुपारी, तीन दुकानं फिरून.

भाचीचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला, माणसं सज्जन. पण पहिल्या भेटीत दोन्ही घरं समोरासमोर परीक्षेला बसल्यासारखी बसली होती. दुसऱ्या दिवशी भाची आत्याकडे आली.

"आत्या, ती माणसं हसतच नाहीत गं. मी त्या घरात राहायचं कसं? लग्नाआधी एकदा सगळ्यांना एकत्र बोलावते. तू खेळ घे. त्यांना हसव."

"हसवते की. तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांना घोडा करते."

"घोडा नको. माणूस केलास तरी पुष्कळ."

आत्याने लग्न केलं नव्हतं. टेलिफोन खात्यात जन्म गेला, लोकांच्या तारा जोडण्यात. नातेवाईक एरवी वर्षभर तिची चौकशी करत नसत, पण घरात काही कार्य निघालं की पहिला फोन तिला. खेळ घ्यावा तर आत्यानेच. बोलावणं पाहुणी म्हणून की खेळासाठी, हे तिने कधी कुणाला विचारलं नाही. उत्तर ठाऊक असलं की माणूस प्रश्न विचारत नाही.

खेळाच्या बाबतीत मात्र ती कुणाचं ऐकत नसे. थट्टा कशाची करायची, याचे तिचे नियम पक्के होते. रूप, पैसा, वय, जुनी भांडणं यांना हात लावायचा नाही. माणूस स्वतः ज्यावर हसतो, तेवढंच घ्यायचं. त्यासाठी ती प्रत्येकाला आधी स्वतः फोन करी. बायकोला विचारून नवऱ्याची थट्टा लिहायची नाही आणि आईला विचारून मुलाची नाही. "ज्याची चामडी, त्याचीच परवानगी," असं ती म्हणे.

जोड्या लावायला तिने चित्रं अर्धी कापली: अर्धा भाग मुलीकडच्यांना, अर्धा मुलाकडच्यांना. जुळेल तो जोडीदार. त्यामुळे ज्यांना अजून वाचता येत नाही ती पोरं आणि ज्यांना आता वाचता येत नाही त्या आजीबाई, दोघांचीही सोय झाली. पहिल्या टोपलीत बसून करायची कामं, दुसरीत उभं राहून, तिसरीत पोरांनी मोठ्यांकडून करून घ्यायची. वाळू संपेपर्यंत काम करायचं. ज्याची थट्टा झाली त्याने घंटी वाजवून परतफेड मागायची. आणि प्रत्येकाच्या खिशाला एक चिमटा. काम नको असेल तर चिमटा काढून द्यायचा, कारण विचारायचं नाही.

भावाला, म्हणजे भाचीच्या वडिलांना, तिने शेवटी फोन केला. त्याआधी भावजयच बोलली होती. "ताई, यांना बसूनच काहीतरी द्या हं. गुडघा दुखतोय."

आत्याने नियमाप्रमाणे भावाला विचारलं. "काय रे, गुडघा काय म्हणतो?"

"गुडघा? कुणाचा?" भाऊ हसला. "मी रोज बागेला दोन फेऱ्या मारतो."

"तुझी थट्टा केली तर चालेल?"

"ताई, तू लहानपणापासून तेच करत आलीस. कर की."

भाऊ तीस वर्षं शाळामास्तर होता. घरात पाहुणे आले की वर्गात हजेरी घ्यावी तशी त्यांची ओळख करून द्यायचा आणि स्वतःच हसायचा. आत्याने लिहिलं: 'मास्तरांनी नव्या वर्गाची हजेरी घ्यावी. प्रत्येकाला एक टोपणनाव द्यावं. विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या आवाजात हजर म्हणावं.' त्या कागदाची घडी दुसऱ्या टोपलीत गेली. भावजय उगीच नवऱ्याला काचेच्या कपाटात ठेवते, असं तिला वाटलं.

रविवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत दोन्ही घरं जमली. आत्याने सुरुवात तोंडाळ माणसांपासून केली. लाजऱ्यांना मधे ठेवायचं, हे तिचं गणित. मुलाचे काका चहा कसा फुंकून पितात ते भाचीच्या चुलतबहिणीने करून दाखवलं. काकांनी घंटी वाजवली आणि तिला तिच्याच फोनवरच्या आवाजात बोलायला लावलं. सासऱ्यांना एका सहा वर्षांच्या पोरीने भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "हसायचं नाही हं, नाहीतर छडी." सासरे हसले. भाचीने आत्याकडे पाहून डोळे मिचकावले. जिंकली होती आत्या.

मग भावाची घडी निघाली.

भाऊ उभा राहिला, कोट सारखा केला. "शांत! हजेरी." काकांकडे बोट. "फुंकणीबुवा!" "हजर, गुर्जी!" सासऱ्यांकडे बोट. "कोपऱ्यातला!" "हजर!" खोली दणाणली. मग त्याने स्वतःच्या मुलीकडे बोट केलं आणि थांबला.

"ही कुणाची?"

सगळ्यात मोठा हशा या वाक्याला पडला.

"हजर, सर," भाची म्हणाली. ती हसत नव्हती.

"नाव सांग."

तिने नाव सांगितलं.

"या नावाची मुलगी माझ्या वर्गात नाही. पालक कुठे आहेत तुझे?" त्याचा आवाज चढला. "मला फसवता? बाहेर उभी राहा!"

मागच्या ओळीत अजून कुणी हसत होतं. पुढच्या ओळीचं हसू केव्हाच संपलं होतं. आत्या पुढे झाली, हळूच म्हणाली, "चिमटा दे रे मला." त्याने खिशावरच्या चिमट्याला हात लावला, पाहिलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

भावजयेने त्याला धरून बसवलं. मुलाची आई रुग्णालयात परिचारिका होती. ती शेजारी येऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, "किती दिवस झाले?"

"दीड वर्ष," भावजय म्हणाली. मग आत्याकडे वळून सगळ्यांदेखत, "बसून काहीतरी द्या म्हटलं होतं ना तुम्हाला?"

"मला गुडघा सांगितलास तू!"

"मग काय सांगायचं होतं? तुम्ही चार घरी सांगितलं असतं."

इतकी वर्षं आत्या स्वतःला घरातली समजत होती. आज कळलं की ती मुलाकडच्यांच्याच रांगेत होती. भाचीलाही माहीत होतं. मुलाला मात्र नव्हतं. तो भाचीला एवढंच म्हणाला, "मला तरी सांगायचंस."

मुलाकडची माणसं सज्जन होती, म्हणून ओरडली नाहीत. काकांनी खाली जाऊन गाडी बोलावली, भावाला आत बसवलं आणि चालकाच्या हातात भाडं ठेवलं. आत्याने एकटीनेच टोपल्या आवरल्या.

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. "ताई, काल मजा आली म्हणे. पुन्हा कधी करायचं?"

"करू," आत्या म्हणाली.

आठवड्याने मुलाच्या वडिलांचा निरोप आला. आजाराबद्दल तक्रार नाही, तो कुणालाही होतो. पण लपवालपवीतून नातं नको. लग्न मोडलं. भाची आत्याला एकदाच म्हणाली, "तू त्यांना हसवलंस खरं." त्यानंतर ती आली नाही. भावजय फोन उचलत नाही.

त्या दिवशीच्या गाडीचं भाडं एकशे ऐंशी रुपये झालं होतं. ते मुलाच्या काकांना अजून द्यायचे आहेत.