बुडबुड्यांवरचा पहारा

"टॉर्पेडो अजून लांब आहे, जहाज वळवा!" मी डोलकाठीवरून असा ओरडत होतो की रत्नागिरीच्या बंदरातले कावळे उडून लांज्याला पोचले असतील. सरावच होता तो. टॉर्पेडोत दारूऐवजी पाणी भरलेलं, आणि तो आमच्या तळाखालून जाणार होता. पण त्याला वेळेवर चुकवलं, तर टेहळणीची जागा माझी पक्की होणार होती.

त्याचं असं झालं: टॉर्पेडो सोडणारी एक चिमुकली बोट सुसाट आली. आमच्या थोरल्या तोफा तिच्याकडे वळेपर्यंत तिनं शेपटीकडून टॉर्पेडो पाण्यात सोडला आणि स्वतः त्याच्या वाटेतून बाजूला पळाली. त्याच्या यंत्रातून सुटलेल्या हवेच्या बुडबुड्यांची रांग आमच्याकडे येऊ लागली. आमच्या गावी, मिऱ्याला, आम्ही बुडबुड्यांवरून मासे शोधायचो. बुडबुड्यांखाली मासा असणारच, हे मी पाळण्यातच शिकलो होतो. म्हणून रांगेच्या टोकावर बोट रोखून मी ऐटीत अंतर सांगत राहिलो. तेवढ्यात जहाजाच्या पलीकडच्या बाजूला, बऱ्याच लांबवर, टॉर्पेडो वर येऊन तरंगू लागला.

खाली उतरून मी आमच्या तांडेलमामांना, म्हणजे खलाशांच्या मुकादमांना, विचारलं, "मामा, जागा पक्की ना माझी?"

"बुडबुडे वर येईपर्यंत टॉर्पेडो पुढं गेलेला असतो," मामा म्हणाले. "उद्यापासून कांदे सोल."