उलटं गमभन

"अर्णव, हात खाली. जागेवर बस."

अर्णव बसला नाही. उलट खुर्चीवर चढून दोन्ही हात हलवायला लागला. तोंड उघडत होतं, मिटत होतं, पण आवाज येत नव्हता, कारण सगळ्यांचा आवाज मीच बंद करून ठेवला होता. पडद्यावर चौदा चौकोन आणि त्यांत चौदा मुलं. बाकीची शहाण्यासारखी खाली मान घालून वहीत लिहीत होती. हा एकटाच वही उचलून कॅमेऱ्यापुढे नाचवत होता. पाठ फिरली की चाळे करणारा एक तरी मुलगा प्रत्येक वर्गात असतो, असं मनाशी म्हणत मी फळ्यावर पुढचं अक्षर काढलं.

हा माझा पहिला ऑनलाइन वर्ग. आता त्याचं कोणाला काही वाटणार नाही. पण तेव्हा लॉकडाऊन हा शब्दसुद्धा कोणाच्या तोंडी नव्हता. घरात बसून वर्ग घ्यायचा म्हणजे माझ्या वयाच्या बाईला सर्कसच वाटायची.

डोंबिवलीच्या प्राथमिक शाळेत मी तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. निवृत्त झाले, मग हे गेले, आणि मुलाने मला सिंगापूरला आणलं. मुलगा मरीन इंजिनिअर. आणलं आणि स्वतः जहाजावर गेला. यिशुनच्या फ्लॅटमध्ये उरलो मी आणि सून केतकी. ती सकाळी आंग मो किओच्या ऑफिसला जायची ती अंधार पडल्यावर यायची. आमच्यात भांडण नव्हतं. बोलणंही फारसं नव्हतं. मी डबा भरायची, ती "थँक यू आई" म्हणायची.

शनिवारी कम्युनिटी क्लबच्या एका खोलीत मराठी मुलांचा वर्ग भरायचा. तो मी घ्यायला लागले. मानधन नाही, पण तिथे मला कोणी "बसा आई, मी करते" म्हणत नव्हतं. आठवड्यातले तेवढेच दोन तास मी कोणीतरी होते.

त्या वर्षी शेजारच्या देशातल्या जंगलांचा धूर आला. इथे त्याला हेझ म्हणतात. खिडक्या बंद, डोळ्यांची आग, रस्त्यात मास्क. वर्गाचं सगळं बघणाऱ्या रोहिणीचा फोन आला.

"काकू, एवढ्या धुरात कोणी मुलांना बाहेर काढणार नाही. आधीच संख्या रोडावलीय. महिनाभर खंड पडला तर मुलं परत यायची नाहीत, आणि मुलं नाहीत तर पुढच्या टर्मला खोलीही मिळायची नाही. ऑनलाइन घ्याल?"

मी दमले होते. नाही म्हणावंसं वाटत होतं. पण वर्ग गेला तर शनिवारही गेला. म्हटलं, घेते.

मुलाने घेऊन ठेवलेला वेबकॅम होता, म्हणजे वायरने जोडायचा वेगळा कॅमेरा. तो शुक्रवारी रात्री लॅपटॉपवर बसवला. समोर स्टूलवर पांढरा फळा उभा केला, त्यावर ‘ग’ काढला आणि पडद्यावर पाहिलं. ‘ग’ उलटा! काना डावीकडे, आकडा उजवीकडे. आरशात दिसावा तसा.

इथेच केतकीला विचारायला हवं होतं. ती ऑफिसमध्ये दिवसभर हेच करते. पण ती नुकतीच येऊन सोफ्यावर डोळे मिटून बसली होती. शिवाय टीव्हीचा रिमोट, वॉशिंग मशीन, बँकेचा ओटीपी, किती वेळा विचारायचं? विचारण्याचाही शेवटी शीण येतो. मी एकटीने शोधाशोध केली. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ‘फ्लिप’ नावाचं खूण करायचं घर सापडलं. तिथे टिचकी मारली आणि ‘ग’ झाला की सरळ. स्वतःवरच खूश होऊन मी झोपायला गेले.

शनिवारी वर्ग सुरू झाला. चौदा घरांतून एकाच वेळी चौदा आवाज. कुठे मिक्सर, कुठे कुकर, कुठे बाबांची ऑफिसची मीटिंग. "मुलांनो, आवाज बंद करा" हे माझं वाक्य मलाच अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येत होतं. मला वाटलं माझा लॅपटॉप बिघडला. आता कळतं. आपला आवाज आपल्यालाच परत आला तर दोष बहुधा समोरच्याचा असतो. कोणाच्या तरी स्पीकरमधून निघालेला माझा आवाज त्याच घरातला माइक पकडतो आणि मला परत पाठवतो.

‘म्यूट ऑल’ असं बटण दिसलं. दाबलं. त्याने विचारलं, या लोकांना स्वतःहून माइक चालू करू द्यायचा का? मी तिथली खूण काढून टाकली. एकदम शांतता. तीस वर्षांत असा वर्ग मिळाला नव्हता.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. ‘म्यूट ऑल’ने बाकी सगळे गप्प होतात, वर्ग घेणारा नाही. माझा माइक चालूच होता. आणि कोणाला काही सांगायचं असेल तर सांगायची वाटही मी बंद केली होती. लिहून कळवायला चॅटची खिडकी असते म्हणे. ती मी उघडलीच नव्हती. माझा फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला होता.

ग, म, भ, न झालं. मुलांना म्हटलं, आता ही चार अक्षरं पानभर गिरवा, तोवर मी पाणी पिते. कॅमेऱ्याच्या चित्रावर टिचकी मारली, माझा चौकोन काळा झाला. दुकानाचं शटर ओढल्यासारखं वाटलं.

केतकी नुकतीच अंघोळ करून आली होती. चहाचा कप माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "कसं चाललंय आई?"

तिने साधंच विचारलं होतं. पण माझा बांध फुटला.

"कसं चालणार? सहा दिवस घरात इंग्लिश बोलायचं आणि सातव्या दिवशी मूल माझ्याकडे पाठवायचं. मी काय लाँड्री आहे? मळकं द्या, धुऊन इस्त्री करून न्या! ती सईची आई, पक्की साताऱ्याची, माझ्याशीसुद्धा इंग्लिशमध्ये बोलते. कंटाळा आलाय मला, केतकी. सोडून द्यावा वाटतो हा वर्ग."

"मग सोडा ना. कशाला त्रास करून घेता?"

"सोडून काय करू? हा सोडला तर या घरात मी कोण? डबे भरणारी बाई."

तेवढ्यात केतकीचा फोन वाजला. तिने ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात लांब करून लॅपटॉपवर काहीतरी दाबलं.

"रोहिणीचा फोन आहे," ती हळूच म्हणाली. "तुमचा माइक चालू होता. सगळ्या घरांत ऐकू गेलंय."

"अगं, मी बंद केलं होतं!"

"तो कॅमेरा, आई. माइकचं बटण त्याच्या शेजारी असतं. दोन्ही वेगवेगळे बंद करावे लागतात." मग म्हणाली, "आणि अक्षरं उलटी दिसतायत म्हणे. सुरुवातीपासून."

शाळेत इन्स्पेक्टरसमोरही कधी असं झालं नव्हतं.

केतकीने सेटिंगमधली ती खूण काढली आणि आमचा कॅमेरा चालू केला. पडद्यावर फळ्यावरचा ‘ग’ पुन्हा उलटा झाला. "बघ, बिघडवलंस!" मी म्हटलं. ती तिच्या फोनवरून माझ्याच वर्गात शिरली. आवाज न जोडता, नाहीतर एका खोलीत दोन यंत्रं एकमेकांचा आवाज पकडून किंचाळतात. मग फोन माझ्यापुढे धरला. लॅपटॉपवर ‘ग’ उलटा, फोनवर सरळ. एकाच वेळी.

"आपल्याला आपलं चित्र आरशासारखं दाखवतात," ती म्हणाली. "आरशात बघायची सवय असते ना, म्हणून. बाकीच्यांना ते सरळच जातं. तुम्ही आरसा सरळ केलात आणि लोकांना उलटं गेलं."

मग तिने मुलांच्या माइकवरचं कुलूप काढलं. लगेच इथल्या मुलांच्या ‘लाह-वॉट’ जोडलेल्या इंग्लिशमध्ये अर्णवचा रडवेला आवाज आला, "टीचर, आय वॉज टेलिंग यू लाह! सगळं रिव्हर्स आहे!" बिचाऱ्या एकट्याचंच वर्गातलं हे दुसरं वर्ष. त्याला अक्षरं येत होती. बाकीच्यांची आतापर्यंत नुसती गाणी-गोष्टी झाली होती, अक्षरं त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिली होती. मी वह्या दाखवायला सांगितल्या. पानं भरून सुबक, वळणदार, उलटी अक्षरं. एकानेही कंटाळा केला नव्हता. मला हसू येईना आणि रडताही येईना.

"उलटं झालंय बाळांनो, चूक माझी आहे," मी म्हटलं.

"बट माइन इज करेक्ट वॉट!" सई म्हणाली. ती पडद्यावर स्वतःचाच चौकोन बघत होती. तिच्या आरशात तिची उलटी अक्षरं सरळ झाली होती. तिला हे समजावता समजावता वेळ संपला.

शेवटी सईच्या चौकोनात तिची आई आली. मी मान खाली घातली.

"काकू, ते लाँड्रीचं ऐकलं मी," ती मराठीत म्हणाली. अडखळत, पण मराठीत. "घर साताऱ्याचं, पण मी लहानपणापासून बाहेरच वाढले. माझे शब्द चुकतात. तुम्ही टीचर. तुमच्यासमोर चुकायला नको, म्हणून मी इंग्लिश बोलते."

मला वाटायचं ती तोऱ्यात असते. ती मला घाबरत होती. मी "बोलत जा गं, चुकलीस तरी" एवढंच म्हणू शकले.

तीन घरांनी मुलांची नावं काढून घेतली. एका आईने रोहिणीला लांबलचक मेसेज लिहिला, तो रोहिणीने मला दाखवला नाही. अकरा मुलं राहिली. हेझ गेल्यावर खोली मिळाली, आधीपेक्षा लहान. दोन शनिवार फक्त ती अक्षरं सुलटी करण्यात गेले. शिकवण्यापेक्षा शिकवलेलं पुसणं जास्त दमवतं.

त्या दिवशी लॅपटॉप मिटल्यावर केतकीने विचारलं, "आदल्या रात्री मी घरातच होते आई. मला का नाही विचारलंत?"

"तू दमून आली होतीस."

"मलाही रोज वाटायचं, जेवताना तुमच्याशी बोलत बसावं," ती म्हणाली. "मग वाटायचं, आई दमल्या असतील."

पुढच्या शनिवारी धूर होताच. वर्ग सुरू होण्याआधी केतकी फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिथून वर्गात शिरली. मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. मला मी उलटीच दिसत होते, पण हात लावला नाही.

"दिसतंय का गं?" मी हाक मारली.

"सरळ दिसताय आई," आतून ती म्हणाली. "जरा थकलेल्या दिसताय. पण सरळ."

नव्याने ऑनलाइन शिकवणाऱ्यांना मी एवढंच सांगते. बटणं कळतील हळूहळू. आपला पडदा आपल्याला फक्त आपला आरसा दाखवतो. आपण कसे दिसतो ते पलीकडच्या माणसाला विचारावं लागतं, आणि तो दमलेला असला तरी विचारावं.